रविवारी हा जातो कुठे?

लेखाखाली नाव नाही हे बघून काही जण लगेच अंदाज बांधायला बसतील. बसा बापडे. सबमिशनच्या दिवसांत तेवढीच करमणूक! नाव संपादकांकडे आहे आणि ते त्यांच्याजवळच राहणार आहे. लेखात ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या माझ्या रूममेटने हे सगळं आधी वाचलंय आणि एक आख्खा परिच्छेद कापायला लावलाय. तो परिच्छेद चांगला जमला होता, पण त्याचा होता. असो.

तर मला मुलगे आवडतात. हे मला बारावीतच कळलं होतं. सेकंड इयरला मेसमध्ये आठ जणांसमोर एकाने विचारलं, "काय रे, तू तसला आहेस का?" सगळे हसले. मीही हसलो आणि "हट्" म्हणालो. मग त्या "हट्"ला टेकू द्यायला गावाकडे एक मैत्रीण उभी करावी लागली. तिचं नाव, तिचं कॉलेज, तिचा वाढदिवस. दोन सेमिस्टर सांभाळली तिला. वर्कशॉपमधल्या कुठल्या मशीनचा एवढा मेन्टेनन्स मी केलेला नाही!

विचारणाऱ्याच्या मनात वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण हो-नाही असा थेट प्रश्न आला की उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. गप्प बसलं तर तेही उत्तरच धरतात. म्हणून माणूस खोटं बोलतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपल्याला खरं कळलं.

एवढं भोगूनही थर्ड इयरला मी तेच करायला निघालो होतो. नवा रूममेट आला होता. शांत, नीटनेटका. मला आवडायला लागला होता हेही कबूल करून टाकतो. मी मनातल्या मनात जर्नल लिहायला घेतलं. निरीक्षण पहिलं: मुलींच्या गप्पांत भाग घेत नाही. दुसरं: फोन पालथा ठेवतो. तिसरं: दर रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, रात्री उशिरा येतो आणि कुठे गेला होता ते सांगत नाही. तीन रीडिंग्ज, एक सरळ रेषा आणि निष्कर्ष तयार.

खात्री करायला त्याच्या एका गाववाल्याला विचारावं असं वाटलं होतं. तोंडापर्यंत आलेला प्रश्न गिळला. कारण "तो तसा आहे का रे?" हा प्रश्न नुसता प्रश्न राहत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती बातमी होते, आणि ती खोटी असली तरी परत घेता येत नाही.

मग मी सावध झालो. पहिलं काम म्हणजे भाषा बदलली. "गर्लफ्रेंड आहे का?" ऐवजी "कोणी आहे का?" असं विचारायला लागलो. आपल्या मराठीत "कोणी" शब्दात मुलगाही बसतो, मुलगीही बसते आणि "कोणी नाही" हेही आरामात बसतं. उलट बाजूने, स्वतःबद्दल बोलायचं तर "व्यक्ती" हा शब्द म्हणजे देणगीच. व्यक्ती स्त्रीलिंगी! "ती व्यक्ती मला भेटली होती" यात खोटं काही नाही आणि उघडही काही होत नाही. व्याकरणाचा हा उपयोग शाळेत कोणी सांगितला नव्हता.

एका रात्री लॅपटॉपवर 'अलीगढ' लावला. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, स्वतः मराठी कवी. ८ फेब्रुवारी २०१० रोजी दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आलं. विद्यापीठाने निलंबित केलं. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला ते घरी मृतावस्थेत सापडले. दिल्ली उच्च न्यायालयाचा ३७७ बद्दलचा निकाल त्याआधीच, जुलै २००९ मध्ये आला होता. म्हणजे कोर्टातलं वारं बदललं होतं, दारावरची कडी मात्र तेवढीच कच्ची होती.

सिनेमा संपल्यावर रूममेट म्हणाला, "त्यांना एकटं सोडायला काय झालं होतं?" एवढंच. यावरून तो कोण आहे हे मला कळलं नाही. कळणारही नव्हतं. कळलं ते इतकंच, की याच्याजवळ माझी गोष्ट सुरक्षित राहू शकते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात यायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

रूमवर बोलायचं नाही हे ठरवलं होतं. रूमवर बोललो आणि त्याला अवघड वाटलं, तर त्याला रात्री तिथेच, माझ्यापासून चार फुटांवर झोपायचं असतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नाही. म्हणून एका शनिवारी सकाळी दोघं आरे कॉलनीत गेलो. गोरेगावच्या बाजूने आत शिरलं की दोन्हीकडे झाडं, तबेल्यांचा वास, फिरायला आलेले आजी-आजोबा आणि अधूनमधून बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही हा मोठा फायदा. शिवाय मागे-पुढे रिक्षा मिळते. नको वाटलं तर तो हात करून निघून जाऊ शकत होता.

छोटा काश्मीरच्या अलीकडे मी सांगितलं. वाक्य पाठ करून नेलं होतं. "मला मुलगे आवडतात. तू काही बोलायलाच हवं असं नाही. घरी माहीत नाही, हॉस्टेलवरही नाही." 'तुझं काय?' असं विचारलं नाही. तो मला आवडतो हेही सांगितलं नाही. एका सकाळी एकच ओझं पुरे.

तो बराच वेळ चालत राहिला. मग त्याने दोन प्रश्न विचारले. "कोणाकोणाला माहीत आहे?" आणि "कोणी विषय काढला तर मी काय बोलू?" इतके कामाचे प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारले नव्हते. मग आम्ही सगळं ठरवलं. मेसेजमध्ये हा विषय लिहायचा नाही, कारण स्क्रीनवर नोटिफिकेशन दिसतं. गावाकडच्या मैत्रिणीबद्दल त्याने खोटं बोलायची गरज नाही, "मला माहीत नाही" पुरे.

चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "मी रविवारी केटरिंगला जातो. लग्नाच्या हॉलवर वाढपी. बाबांचं काम सुटलंय. मुलींचं काय, वडापावलाही पैसे नसतात रे."

माझ्या तीनही निरीक्षणांचा हा खुलासा! फोन पालथा असायचा तो ठेकेदाराचे मेसेज दिसू नयेत म्हणून. तो काहीतरी लपवतोय हे मी बरोबर ओळखलं होतं. काय लपवतोय, हे मी माझ्या इच्छेप्रमाणे भरलं होतं.

रेक्टर सर आणि मॅडमही हे पान वाचतात म्हणून एक जोडतो. यूजीसीने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून त्रास देणंही स्पष्टपणे घातलं आहे. तेव्हा मेसमधला "तसला आहेस का?" रोज होऊ लागला तर तो विनोद राहत नाही. पण एखादा मुलगा तक्रार घेऊन आलाच, तर काळजीपोटी लगेच त्याच्या घरी फोन लावू नका. त्याच्या जिवाला धोका नसेल तर आधी त्यालाच विचारा, घरी काय माहीत आहे आणि कागदावर काय लिहू. ३७७ चा प्रश्न सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडवला, पण त्या निकालाची प्रत आमच्या घरी कोणी वाचलेली नाही.

परवा मेसमध्ये एकाने मला विचारलं, "काय रे, तुझा रूममेट रविवारी जातो कुठे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. आमटी दे इकडे."