एक शून्य जास्त

आईची जुनी शिलाई मशीन बाबांनी ऑनलाइन विकायला काढली. किंमत 4,500. तासाभरात एकाचा फोन आला. त्याने भाव केला नाही, मशीन बघायलाही आला नाही. पायडलची मशीन न बघता घेणारा माणूस! तिथेच खरं तर शंका यायला हवी होती. "पैसे आत्ता टाकतो, गाडी संध्याकाळी पाठवतो," म्हणाला.

दोन मिनिटांत बाबांच्या मोबाईलवर मेसेज: खात्यात 45,000 जमा. लगेच फोन. "काका, घोटाळा झाला हो, एक शून्य जास्त पडलं. बायको दवाखान्यात आहे, तिचेच पैसे होते. तुमचे 4,500 ठेवा, बाकीचे परत करा." बाबांनी 20,000 पाठवले. उरलेल्या 20,500 साठी तो फोन ठेवूच देईना, आणि तेवढ्यात मी घरी पोचलो.

मेसेज बघितला तर तो दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलेला. बँकेचे मेसेज असे येत नाहीत, त्यावर बँकेच्या नावाची इंग्रजी अक्षरं असतात. मग बँकेचं अ‍ॅप उघडून व्यवहारांची यादी काढली. 20,000 गेल्याची नोंद होती. 45,000 आल्याची नव्हतीच. त्याने एक रुपयाही पाठवला नव्हता, नुसता मेसेज टाईप करून पाठवला होता.

लगेच 1930 ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. यात वेळ फार महत्त्वाची, कारण पैसे खात्याखात्यांतून पुढे पळवले जातात आणि वाटेत जेवढे अडवता येतील तेवढेच अडतात. आमचे 8,000 अडले. ते अजून हातात यायचेत.

आता यातला दुसरा प्रकार ऐका, कारण तिथे यादी बघूनही माणूस फसतो. कधीकधी पैसे खरंच येतात, पण ते दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून तुमच्या खात्यात टाकलेले असतात. 'परत' मात्र वेगळ्याच नंबरवर मागतात. तुम्ही पाठवून मोकळे होता, मूळ माणूस तक्रार करतो, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून तुमचं खातं गोठतं. म्हणून जास्तीचे पैसे आपल्या हाताने कुणालाही पाठवायचे नाहीत. आपल्या बँकेला लेखी कळवायचं, पैसे खात्यात तसेच राहू द्यायचे. ज्याचे खरंच चुकले असतील, तो त्याच्या बँकेत तक्रार करेल, बँका आपसात बघतील.

शेजारी म्हणतात, काका लोभाला भुलले. मला याचा राग येतो. लोभ असता तर बाबा 45,000 दाबून बसले असते आणि वाचले असते! "दुसऱ्याचा पैसा घरात नको," म्हणून ते घाईने परत करायला गेले.

मशीन अजून व्हरांड्यात आहे. काल आईने तिला तेल घातलं.