एका कंठातील अनेक माणसे

कादंबरी डोळ्यांनी वाचणाऱ्यास छापील पान पुष्कळ साहाय्य करते. अवतरणचिन्ह दिसले की पात्र बोलू लागले, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. ध्वनिमुद्रित कादंबरी ऐकणाऱ्यास मात्र यांतले काहीच दिसत नाही. ही सारी चिन्हे वाचणाऱ्याच्या एकट्या कंठाने ऐकवावयाची असतात. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा खरी कसोटी लागते ती येथेच. एक लहानसा उतारा घेऊ :

“तू आता जा,” माधव म्हणाला, “आणि पुन्हा येऊ नकोस.” आता ती रडेल. रडू दे. सुमती मात्र हसली.

‘माधव म्हणाला’ हे शब्द माधवाचे नव्हेत, निवेदकाचे आहेत. ते शांतपणे, किंचित हलक्या स्वरात आणि संवादाला लगटूनच उच्चारावेत. त्यांपूर्वी फार थांबले, तर माधवाचे बोलणे संपलेसे वाटते. त्याच्याच रागात उच्चारले, तर तो स्वतःविषयीच बोलत असल्याचा भास होतो. पुढचा तुकडा मात्र ‘जा’ ज्या स्वरावर सोडला, तेथूनच उचलावा. शिवाय ‘ती कुजबुजली’ यासारखे शब्द बहुधा संवादामागून येतात; तोवर ते वाक्य खड्या आवाजात वाचून झालेले असते. यास्तव सारे प्रकरण आधी मनात वाचून अशा जागी पेन्सिलीने खूण करणे अवश्य आहे.

याहून अवघड ‘आता ती रडेल. रडू दे.’ हा माधवाच्या मनातील विचार. त्याला पानावरही अवतरणचिन्ह नाही. तो निवेदकाच्या स्वरात वाचला, तर ऐकणारा ते भाकीत लेखकाचे समजतो. आणि लगेच सुमती हसली की बिचारा लेखकच खोटा पडतो! येथे कुजबुजण्याचा मोह होतो, पण कुजबुजीत शब्द पुसट होतात. सूर माधवाचाच ठेवून आवाजातील जोर तेवढा काढून घ्यावा आणि मायक्रोफोनच्या थोडे जवळ सरकावे. नंतर क्षणभर थांबून ‘सुमती’ या नावाबरोबर निवेदकाकडे परतावे. ‘तिला रडू येईल, असे माधवाला वाटले’ असे वाक्य असते, तर यांतले काहीच करावे लागले नसते; तेथे शब्दच खुलासा करतात.

नवे प्रकरण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वाचले जाते, आणि आवाज काही रोज सारखा नसतो. म्हणून आदल्या ध्वनिमुद्रणाचे शेवटचे मिनिट ऐकूनच आम्ही आरंभ करतो. मागचे प्रकरण मृत्यूने संपले असले, तरी ‘प्रकरण आठवे’ या शब्दांना शोक नसतो. ते साधेपणाने उच्चारून सुमारे दोन सेकंद थांबावे, म्हणजे पहिले वाक्य मथळ्याला चिकटत नाही.

हे साधले की नाही, हे पुस्तक समोर घेऊन ऐकणाऱ्यास कळत नाही. डोळे चुपचाप कानांना मदत करीत असतात. ज्याने ते पान पाहिलेले नाही, अशा कोणास तरी ऐकवून ‘रडू दे’ या शब्दांपाशी यंत्र थांबवावे आणि ‘हे कोण म्हणाले?’ असे विचारावे. ‘माधव, पण मनात,’ असे उत्तर आले, म्हणजे पुढे जाण्यास हरकत नाही.