महाराजांना मी कशावरून मानलं

पुलाच्या शिरोलीजवळ एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री आहे. पंपाच्या बॉडी आणि ट्रॅक्टरला लागणारे काही जॉब आम्ही ओततो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमचं रिजेक्शन हाताबाहेर गेलं. वरून कास्टिंग स्वच्छ दिसायचं, पण गिऱ्हाइकाकडं मशिनवर चढवून पहिला कट घेतला की आतून ब्लोहोल उघडे पडायचे. माल परत यायचा आणि झालेल्या मशिनिंगचा खर्चही आमच्या नावावर पडायचा. बँकेची सीसी शेवटापर्यंत ओढलेली होती. अशा वेळी ओळखीच्या एका कारखानदारानं मला एका महाराजांकडं नेलं. त्यांचं नाव इथं देत नाही. मी त्यांना कशावरून गुरू मानलं तेवढंच मला सांगायचं आहे, कारण माझी चूक त्या पारखण्यात होती.

पहिली गोष्ट मी पाहिली ती पुढं कोण बसलंय ही. दोन मोठे उद्योजक, एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी. एवढी शहाणी माणसं येतात म्हणजे त्यांनी खात्री करूनच घेतली असणार, असं मी धरून चाललो. पुढं मीही त्याच रांगेत बसू लागलो आणि तेव्हा कळलं की खात्री कुणीच केलेली नव्हती. डॉक्टर उद्योजकांकडं बघून आले होते, उद्योजक अधिकाऱ्यांकडं बघून. मग माझ्याकडं बघून माझे पॅटर्नवाले आले, एक सप्लायर आला, आमचे जुने मोल्डर आले. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत वाईट काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. माझे पैसे गेले ते माझे होते. त्या माणसांनी माझ्या शब्दावर खिशात हात घातला.

दुसरी गोष्ट, त्यांनी मला न विचारता ओळखलं. म्हणाले, धंद्यात पाणी शिरलंय, आणि जवळचा एक माणूस मनानं लांब गेलाय. मी हादरलो. पुष्कळ दिवसांनी, तिथून बाहेर पडलेल्या एका सेवेकऱ्यानं सांगितलं की बाहेरच्या टेबलावर नाव लिहून घेताना गाव, धंदा आणि कुणी पाठवलं एवढं विचारलं जायचं आणि ती चिठ्ठी आत जायची. उरलेलं मीच पुरवलं होतं. जवळचा माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं धाकटा भाऊ आला. तो माझा भागीदार होता आणि महाराजांचा खर्च कंपनीच्या खात्यातून करायला त्याचा विरोध होता. महाराजांनी त्याचं नाव कधीच घेतलं नाही. नाव मी घातलं, संशय मी वाढवला, आणि त्या वर्षाअखेर आम्ही वेगळे झालो.

तिसऱ्या गोष्टीनं मला पक्कं बांधलं. महाराजांनी अनुष्ठान सांगितलं, ईशान्येचं दार बंद करून भट्टीकडं दुसरीकडून वाट काढायला लावली. रक्कम मोठी होती, ती मी खेळत्या भांडवलातून दिली. दसरा गेला, दिवाळी आली आणि रिजेक्शन खरोखरच उतरलं. शंभरात बारा-पंधरा जॉब जात होते ते चार-पाचांवर आलं. याहून मोठा पुरावा कुठला, असं मी लोकांना छातीठोकपणे सांगत होतो.

पुढच्या जुलैत ते पुन्हा चढलं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की माझी श्रद्धा कमी पडली, घरात विरोध करणारं कुणीतरी आहे. त्या दिवशी मला काहीतरी खटकलं, पण उठून यायचं बळ नव्हतं. सुधारलं तर त्यांची कृपा आणि बिघडलं तर माझा दोष, अशी ती मांडणी होती. महाराज चुकीचे ठरतील असा एकही निकाल त्यात शक्य नव्हता. आमच्याकडं हीट ओतण्याआधी त्याच धातूची छोटी पाचर ओतून, ती मोडून, आतला पांढरा भाग किती खोल गेलाय ते बघतात. पाचर नापास होऊ शकते, म्हणून तर ती मोडायची. रोज भट्टीपाशी हे करणारा मी, पैसा आणि भाऊ ज्याच्या शब्दावर घालवले त्याच्यासाठी अशी पाचर कधी ओतली नव्हती.

शेवटी कामाला आलं ते रिजेक्शनचं रजिस्टर. माझ्या हाताखालच्या एका पोरानं मागच्या पाच वर्षांचे महिन्यामहिन्याचे आकडे एका कागदावर काढून दाखवले. दरवर्षी जूनच्या शेवटी आकडा चढतो आणि ऑक्टोबरात उतरतो, महाराजांच्या आधीही तसंच होतं. त्या एका वर्षी चढ जास्त होता, कारण सँडच्या ढिगावरचा पत्रा गळत होता आणि खर्च वाचवायला कोअर दोन-दोन दिवस आधी करून उघड्यावर ठेवत होतो. पावसाळी हवेत कोअर ओलावा धरतो. मोल्डिंग सँडमध्ये आमच्याकडं तीन ते चार टक्के ओलावा लागतो, तो पाच-सहापर्यंत जात होता आणि मोजत कुणी नव्हतं. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस त्यावर पडला की पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा मागते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की धातूतच अडकते. पत्रा बदलला, कोअर त्याच दिवशी वापरायचा नियम केला, ओलावा सकाळ-दुपार मोजायला लागलो. त्यापुढच्या पावसाळ्यात आकडा चढला, पण थोडाच.

म्हणजे मी महाराजांकडं गेलो तो वर्षातल्या सगळ्यांत वाईट महिन्यात. तिथून पुढं कुणाकडंही गेलो असतो तरी चार महिन्यांत बरं वाटलंच असतं. माणूस गुरूकडं जातो तो बहुधा अशाच टोकाला पोचल्यावर. आजारपण, कोर्टकज्जा, धंदा, यांतलं पुष्कळसं टोक आपोआप ओसरतं आणि त्याचं श्रेय त्या वेळी जो समोर असतो त्याला मिळतं.

त्यानंतर मी बहिणाबाईंचं आत्मनिवेदन वाचलं. सतराव्या शतकातल्या या संत बहिणाबाई, देवगावच्या, पुढं शिऊरला राहिलेल्या. त्यांना तुकोबांचा उपदेश झाला तो आमच्याच कोल्हापुरात, 1647 च्या सुमारास. हे मला तोवर माहीत नव्हतं. लहान वयात लग्न झालेली ही मुलगी, नवऱ्याबरोबर गाव सोडून फिरत फिरत कोल्हापुरात आली होती. दानात मिळालेल्या गाईचं वासरू तिच्या मागं मागं असायचं, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्याबरोबर जायचं. तिथं तिनं तुकोबांचे अभंग ऐकले. ते वासरू गेलं, ती कित्येक दिवस भान हरपून पडली, आणि त्या अवस्थेत स्वप्नात तुकोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मंत्र दिला. प्रत्यक्षात तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं.

मला थांबवलं ते पुढच्या भागानं. उपदेश झाल्यावर तिचं दुःख कमी झालं नाही. वाढलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानलं म्हणून नवरा संतापला, तो घर सोडून जायला निघाला. माझ्या मापानं मोजलं असतं तर तुकोबा नापास झाले असते. तिनं दुसरं माप लावलं होतं. आधी ती शब्द ऐकत राहिली, ते आपल्या आतल्या प्रश्नाला भिडतात का ते बघत राहिली, आणि मग त्या माणसाची ओढ लागली. तुकोबांनी तिच्याकडं काही मागितल्याचा उल्लेख नाही.

मग नवरा आजारी पडला. त्यातून उठल्यावर त्याचं मन पालटलं आणि दोघं देहूला गेली. तिथं मंबाजी गोसावी होता. त्यानं बहिणाबाईला आपला उपदेश घ्यायला सांगितलं. तुकोबांचा झाला आहे असं ती म्हणाली तेव्हा तो चिडला, आणि त्या रागात त्यानं बहिणाबाईच्या गाईला बांधून मारलं, असं तिनं स्वतः लिहून ठेवलंय. आपल्याकडं न आलेल्या माणसाशी तो कसा वागतो, यावरून मंबाजी कळतो. हे वाचताना मला महाराजांच्या बैठकीतला एक प्रसंग आठवला. एका तरुण सुपरवायझरनं देणगीची पावती मागितली होती. त्याला सगळ्यांसमोर उभं करून अश्रद्ध म्हटलं गेलं आणि मी मान खाली घालून बसलो होतो. गीतेत गुरूपाशी जायच्या रीतीत नमस्कार आणि सेवेच्या जोडीला प्रश्न विचारणंही सांगितलंय. तेवढं माझ्या ध्यानात असतं तर मी त्या पोराबरोबर उभा राहिलो असतो.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात एक पूर्ण समास गुरूच्या लक्षणांना दिलाय. करामत दाखवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, हे ते मान्य करतात आणि त्याला बाजूला ठेवतात. जो शिष्याला साधनाला लावत नाही, इंद्रियं आवरायला शिकवत नाही, तो कवडीमोलानं मिळाला तरी टाकावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मी आठवून पाहिलं. महाराजांनी मला करायला काय दिलं होतं? जप त्यांचे लोक करायचे, अनुष्ठान ते करायचे, मी पैसे द्यायचे. माझा लोभ, माझा राग, भावाविषयीचा संशय यांतल्या एकालाही त्यांनी हात लावला नाही. संशयाला तर खाऊ घातलं. पण पुढचाच समास शिष्याच्या लक्षणांचा आहे आणि तो मला जास्त जड गेला. मी शिष्य म्हणून गेलोच नव्हतो. मला रिजेक्शन कमी करून हवं होतं आणि ते काम मी ठेक्यानं दिलं होतं.

तक्रार का केली नाहीस, असं भावानं विचारलं. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडं 2013 पासून आहे. चमत्काराच्या नावावर पैसे काढणं आणि फसवणं त्यात गुन्हा आहे, कीर्तन-प्रवचनाला त्यानं हात लावलेला नाही. मी गेलो नाही कारण मला लाज वाटली, आणि ज्यांना मी तिथं नेलं होतं त्यांची नावं जबाबात आली असती. हे कारण पुरेसं नाही, हे मला माहीत आहे. भाऊ आता बोलतो. भागीदारीत तो परत आला नाही.

ज्यांना नेलं होतं त्यांच्याकडं मी एकेक करून जाऊन आलो. सप्लायरनं ऐकून घेतलं. आमचे मोल्डर मामा अजून गुरुवारी तिकडं जातात. त्यांच्यापुढं मी तो पाच वर्षांचा कागद ठेवला. त्यांनी शांतपणे बघितला.

“पावसाळ्यात कोअर ओल धरतोय हे मला ठाऊकच होतं की मालक,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलंच नाही.”

“मग मामा, तुम्ही कशाला जाताय अजून?”

“सँडचं मला कळतंय. पोरीला सासरी नांदवत नाहीत, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मामांना आणि त्यांच्या मुलीला घेऊन एका वकीलबाईंकडं गेलो. त्या गुरुवारी मामा बैठकीला गेले नाहीत. पुढच्या गुरुवारी गेले.