सिस्टर, 'नाही' नव्हे, 'नको'

शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिकांना बोलण्यापुरती मराठी शिकवायला मी जाऊ लागले. दुपारची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी वर्ग भरायचा. काही मुली केरळच्या, बाकीच्या उत्तर प्रदेश, बिहारकडच्या. हिंदी बोलणाऱ्यांना मराठी पटकन येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि बऱ्याच बाबतीत झालंही तसंच. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. पण नकार देताना मात्र केरळच्या मुली त्यांच्या पुढे निघून गेल्या.

हिंदीत 'चाय है?', 'चाय चाहिए?' आणि 'यह चाय है?' या तिन्ही प्रश्नांना एकटं 'नहीं' पुरतं. मराठीत तसं चालत नाही. चहा आहे का? नाही. चहा हवा का? नको. हा चहा का? नव्हे, काढा आहे. 'आहे'च्या उलट 'नाही', 'हवा'च्या उलट 'नको' आणि 'होय'च्या उलट 'नव्हे', अशा या जोड्या. मी फळ्यावर त्या मांडल्या तेव्हा हिंदीवाल्या मुली वहीत उतरवू लागल्या आणि मागच्या बाकावरची केरळची एक मुलगी नुसती हसली. म्हणाली, "टीचर, आमच्याकडेही असंच." मल्याळममध्ये वस्तू नसली तर 'इल्ला', नको असली तर 'वेण्डा' आणि 'ही ती नव्हे' म्हणायचं असलं तर 'अल्ला'. कन्नडमध्येही इल्ला, बेडा, अल्ला आहेत. मराठीचं कूळ हिंदीच्या जवळचं खरं, पण नकाराची ही घडण दक्षिणेतल्या शेजाऱ्यांशी जुळते. कोकणीतही ना, नाका आणि न्हय असे तीन वेगळे शब्द आहेत. हैदराबादी दखनीतलं 'नक्को' तर आपल्या 'नको'चंच भावंड.

तर केरळच्या मुलींना शब्द बदलायचे होते, हिंदीवाल्या मुलींना विचार करायची पद्धत. 'हवा का' विचारलं तर 'नको', एवढं त्यांना दोन दिवसांत जमलं, कारण प्रश्नातच 'हवा' ऐकू येतो. घोटाळा व्हायचा तो 'हवा' हा शब्द नसलेल्या प्रश्नांत. एका पेशंटच्या मुलीने रात्री विचारलं, "सिस्टर, मी थांबू का?" सिस्टर म्हणाली, "नाही." त्या बाईला कळेना. नाही म्हणजे काय? थांबायची गरज नाही, की थांबायची परवानगी नाही? ती बराच वेळ दारातच उभी राहिली आणि शेवटी पुन्हा विचारायला आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हाच प्रश्न घेतला. 'थांबू का', 'येऊ का', 'पाणी देऊ का', 'खिडकी लावू का' असं शेवटी 'ऊ का' आलं, की विचारणारा समोरच्याची इच्छा विचारत असतो. तिथे एका शब्दाचं उत्तर 'नको' हेच. समोर आजोबा असोत की लहान मूल, एकटा शब्द 'नको'च राहतो. क्रियापद जोडलं की मान दिसू लागतो: मुलाला 'उठू नकोस', आजोबांना 'उठू नका'. पण 'नको' म्हणजे सांगणाऱ्याची मर्जी. नियम सांगायचा असेल तर सिस्टरने 'नको' म्हणून भागणार नाही, ऐकणाऱ्याला वाटेल हिलाच मी इथे नको आहे. तिथे पूर्ण वाक्य हवं: "नाही, रात्री वॉर्डात थांबता येत नाही." आणि 'थांबणार का', 'थांबता का' असं विचारलं तर दोन्ही उत्तरं बसतात, अर्थ मात्र वेगळे होतात.

तो फरक वॉर्डात फार महत्त्वाचा आहे. "आजी, चहा घेता का?" यावर आजी 'नाही' म्हणाल्या तर त्या चहा पीतच नाहीत, त्यांना दूध विचारावं. 'नको' म्हणाल्या तर आत्ता नको एवढंच, आणि आपल्याकडच्या आजी पहिल्यांदा संकोचाने 'नको' म्हणतातच, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. कधी दोन्ही शब्द एका दमात येतात, "नाही, नको." तेव्हा 'नको' खरा धरायचा.

औषधाच्या बाबतीत तर या दोन शब्दांवर चार्टवरची नोंद ठरते. "काका, सकाळची गोळी घेतली का?" काका म्हणाले "नाही", तर गोळी राहिली आहे. ती आता द्यायची की नाही ते बघावं लागतं. "काका, ही गोळी घ्या" म्हटल्यावर काका म्हणाले "नको", तर त्यांनी गोळी नाकारली. मग कारण विचारायचं, मळमळतंय का बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. हिंदीच्या सवयीने ऐकलं तर दोन्ही उत्तरं 'नहीं' होतात आणि चार्टवर 'दिली नाही' एवढंच उरतं. म्हणून मी मुलींना पेशंटचा शब्द जसाच्या तसा वहीत लिहायला लावत असे. इंग्रजीत नोंद करायची ती नंतर.

'नव्हे'ची गोष्ट वेगळी. पुण्यात बोलताना तो मागे पडला आहे. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं तर आज बहुतेक जण "नाही, मी जाधव" असंच म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. केरळच्या मुली 'अल्ला'च्या सवयीने जिथे तिथे 'नव्हे' म्हणायच्या. "सिस्टर, तुम्ही डॉक्टर का?" "नव्हे, आजी." शहरी पेशंटना ते पुस्तकी वाटायचं. कोल्हापूरकडच्या एक आजी मात्र खूश झाल्या, कारण त्यांच्या बोलण्यात 'न्हवं' दिवसभर असतं, 'चांगलं झालं न्हवं?' असं प्रश्नाच्या शेवटीसुद्धा. आचार्य अत्र्यांच्या 1962 सालच्या नाटकाचं नाव मी मुलींना सांगितलं. त्यातला लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून आपली ओळखच नाकारतो, म्हणून ते नाव 'तो मी नव्हेच' असं आहे. ओळख नाकारायला 'नव्हे'इतका ठाम शब्द दुसरा नाही. बोलताना 'नाही' वापरा, पण कुणी 'नव्हे' म्हणालं तर त्याला त्या नावाचा, त्या खाटेचा, त्या माणसाचा इन्कार करायचा आहे हे ओळखा, असं मी सांगितलं. रक्त घेण्याआधी नाव विचारल्यावर पेशंट 'नव्हे' म्हणाला, तर सुई बाजूला ठेवायची आणि मनगटावरची पट्टी बघायची.

वाचकांना माझी एक विनंती आहे. दवाखान्यात, बँकेत, दुकानात कुणी अमराठी मुलगी "देऊ का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देते, तेव्हा आपण लगेच हिंदीत बोलू लागतो. तसं करू नका. "नको म्हणायचंय का?" असं मराठीतच विचारा आणि तिला तो शब्द तिथेच म्हणू द्या. माझ्या वर्गातल्या मुली चुकलेला शब्द तिथेच सुधारून म्हणायच्या या एका सवयीमुळे सर्वांत लवकर शिकल्या, आणि ती सवय त्यांना पेशंटनीच लावली.