स्टिअरिंग सरळ, सेन्सर मात्र वळलेला

गाडीतल्या सेन्सरवर सोपं लिहा, असं संपादकांनी सांगितलं. सध्या माझ्या डोक्यात एकच गाडी घोळते आहे. व्हील अलाइनमेंट करून आणली आणि लगेच डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लागला. हा दिवा लुकलुकला, तर स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा काम करते आहे. कायम पेटून राहिला, तर ती बंद पडली आहे. ‘गाडी तर छान चालते, दिवा तेवढा घालवा,’ असं मालक म्हणाले. हे रोज ऐकावं लागतं आणि रोज वाईट वाटतं. कोड पुसला की दिवा जातो, पण थोडं चालवताच परत येतो, कारण दोष तसाच असतो.

स्टॅबिलिटी कंट्रोल दोन गोष्टी ताडून पाहतं: चालकाला किती वळायचं आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे. पहिली गोष्ट स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो, दुसरी यॉ सेन्सर. या गाडीत सरळ रस्त्यावर स्कॅनर स्टिअरिंगचा कोन १२ अंश दाखवत होता, यॉ मात्र शून्य. चालक वळवतो आहे आणि गाडी वळत नाही, असा कंट्रोल युनिटचा समज झाला. विसंगती टिकून राहिली, म्हणून त्याने यंत्रणा बंद केली.

पण स्टिअरिंग तर सरळ दिसत होतं! अलाइनमेंटनंतर ते तिरकं आलं होतं, म्हणून कोणीतरी ते काढून एक खाच सरकवून बसवलं होतं. एअरबॅगच्या जोडणीला हात लावणं हा धोका वेगळाच. सेन्सर दांड्याबरोबर फिरतो, त्यामुळे आकडा १२ च राहिला. यावर आमच्या धंद्यात कायम वाद होतो. अनेकजण म्हणतात, स्कॅनरने तिथेच शून्य शिकवा. माझा त्याला ठाम विरोध आहे. तसं केल्याने दिवा जातो, पण रॅक मध्यावर नसतो, आणि स्टिअरिंग एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी फिरतं.

आम्ही स्टिअरिंग मूळ खुणेवर बसवलं, दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मध्य शोधला आणि तिथे पक्कं धरून ठेवलं. मग एक टाय रॉड जितका लांबवला, तितकाच दुसरा आखडला, म्हणजे एकूण टो बदलत नाही. स्टिअरिंगचे १२ अंश म्हणजे टायरपाशी एक अंशाहूनही कमी, डोळ्यांना न दिसणारा फरक. त्यानंतरच सपाट जागेवर, स्टिअरिंगला हात न लावता, स्कॅनरने शून्य शिकवलं, कोड पुसला आणि सरळ रस्त्यावर आकडा पुन्हा तपासला.

काही गाड्या थोडा फरक चालता चालता स्वतःच शिकून घेतात. काहींना स्कॅनर लागतोच. म्हणून अलाइनमेंटच्या छापील कागदावर समाधान मानू नका. सरळ चालताना स्टिअरिंगचा कोन किती येतो, हे स्कॅनरवर दाखवायला सांगा, आणि तो शून्याजवळ नसेल, तर गाडी तशीच ताब्यात घेऊ नका.