हजेरी पूर्ण, भार कमी

आदरणीय मॅडम,



हे पत्र शाखेच्या ई-मेलवरून न पाठवता हाताने लिहून बंद पाकिटात देते आहे, कारण यातला मजकूर सध्या तुमच्यापुरताच राहावा असं मला वाटतं.

मला तीव्र चिंताविकार असल्याचं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं आहे. चिंता मोजण्यासाठी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते. तिच्यात २१ पैकी १५ किंवा अधिक गुण आले की त्रास तीव्र समजतात. माझे १७ आले. औषध सुरू झालं आहे. त्याचा नीट गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता उलट वाढूही शकते. नेमका हाच काळ खरीप पीककर्जाच्या गर्दीचा आहे. म्हणून सहा आठवड्यांसाठी कामात बदल मागते आहे.

माझ्या कामात तीन गोष्टी एकत्र येतात: पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या फायली, कॅश काउंटरच्या व्यवहारांना चेकर म्हणून मंजुरी आणि थकबाकीदारांना फोन. फायलीचं काम मला आजही जमतं. सातबारा, आठ-अ, पीकपेरा, बोजाची नोंद असा त्याचा क्रम ठरलेला असतो आणि एक फाईल संपल्यावरच दुसरी सुरू होते. अवघड जातं ते मंजुरीचं काम. समोर रांग असते, मेकरने एंट्री टाकलेली असते आणि माझ्या एका क्लिकने पैसे हलणार असतात. खातं आणि रक्कम जुळलेली दिसत असूनही मन मानत नाही, म्हणून मी पुन्हा पाहते, मग पुन्हा. प्रत्येक पडताळणीने क्षणभर बरं वाटतं आणि पुढच्या व्हाउचरला शंका आणखी लवकर येते. या आजाराची रीतच अशी आहे. वसुलीच्या फोनला तर छातीत धडधड सुरू होते, हाताला घाम येतो आणि त्यानंतर बराच वेळ फायलीतही लक्ष लागत नाही.

सरसकट रजा मी मागत नाही. ज्याची भीती वाटते ते पूर्ण टाळलं की भीती वाढते आणि परतणं आणखी जड होतं, असं डॉक्टरांनी समजावलं आहे. मला हवी आहे ती पायरीपायरीने परत येण्याची सोय.

पहिले दोन आठवडे मी फक्त फायली करेन. मंजुरी आणि फोन दोन्ही नकोत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सकाळचा एक तास, गर्दी होण्याआधी, मंजुरीला बसेन. पाचव्या आठवड्यापासून आधी ओळखीच्या, नियमित खातेदारांना फोन करायला सुरुवात करेन. सहाव्या आठवड्याअखेर आपण पूर्ण कामाबद्दल ठरवू. या काळात तिजोरीची चावी माझ्याकडे नसावी, अशीही विनंती आहे. तिजोरी दोघांच्या चाव्यांनी उघडते. एखाद्या सकाळी मला उशीर झाला तर अख्खी शाखा थांबेल, ही धास्ती मला पहाटेच उठवते. रीतसर हस्तांतर रजिस्टरमध्ये करून देईन. संध्याकाळनंतर व्हॉट्सअॅपच्या गटावर माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नसावी.

हा भार दुसऱ्या कुणावर जाणार, हे मी जाणते. म्हणून मंजुरीचं काम घेणाऱ्या सहकाऱ्याच्या नूतनीकरणाच्या फायली मी घेईन. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते, त्यामुळे या फायली वेळेवर पुढे जाणं महत्त्वाचं आहे आणि तिथे माझा उपयोग पूर्ण होईल.

दर शुक्रवारी बंद दाराआड दहा मिनिटं द्या. व्हाउचर एकदा पाहून मंजूर करता येतं का, फोननंतर कामावर परतायला किती वेळ लागतो आणि झोप किती होते, एवढंच आपण पाहू. सलग दोन आठवडे यात सुधारणा दिसली नाही, तर योजना पुढे रेटण्याऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने मी वैद्यकीय रजेचा अर्ज करेन.

सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे. त्यात आजाराचं नाव नाही. कामावर येण्यास योग्य, पण कामाच्या स्वरूपात बदल हवा, एवढंच लिहिलं आहे. कार्यालयीन नोंदीला ते पुरेसं व्हावं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. शाखेत मात्र गोपनीयता तुमच्या हातात आहे. सहकाऱ्यांना 'तब्येतीच्या कारणाने काम बदललं आहे' इतकंच सांगावं.

यातलं काही शाखेच्या दृष्टीने शक्य नसेल तर तसं स्पष्ट सांगा. क्रम बदलता येईल. पण मंजुरी आणि चावी या दोन गोष्टींचा निर्णय या आठवड्यातच व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
कृषी कर्ज विभाग