दोन तारा, एक खांब आणि जांभ्याची जमीन

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर खारा वारा महिनोन् महिने इन्सुलेटरवर मीठ चढवत असतो. ते कोरडं असतं तोवर कुणाचं काही बिघडत नाही. वळवाची पहिली भुरभुर आली की तोच थर ओला होऊन वीज वाहायला लागतो, आणि वर विजेचा कडकडाट असेल तर बघायलाच नको. ११ केव्हीच्या आपल्या नेहमीच्या खांबावर एक तार शेंड्याला असते आणि उरलेल्या दोन व्ही आकाराच्या क्रॉस आर्मच्या दोन टोकांना. या दोन्ही टोकांचे पिन इन्सुलेटर एकाच वेळी फ्लॅश झाले, तर दोन फेज क्रॉस आर्मच्या लोखंडाला चिकटल्यासारखे होतात, आणि ते लोखंड जीआय तारेने खांबाच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. या घटनेला आमच्या पुस्तकांत डबल लाइन टू ग्राउंड फॉल्ट म्हणतात. रिले लावण्यात आणि तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या फॉल्टबद्दलचा एक गैरसमज मी नवीन मुलांच्या तोंडून नेहमी ऐकतो. "साहेब, एक तार जमिनीला लागली तर एवढा करंट, मग दोन लागल्या तर जमिनीत दुप्पट जाणार ना?"

उत्तर काढायला कागद लागतो, आणि कागदावर चार्ल्स फोर्टेस्क्यू. वेस्टिंगहाउस कंपनीच्या या अभियंत्याने १९१८ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला एक प्रबंध वाचला. असमतोल पुरवठ्यावर इंडक्शन मोटारी कशा वागतात, याचा तो अभ्यास करत होता. त्यातून त्याने दाखवून दिलं की तीन फेजांचे कसेही वेडेवाकडे करंट असोत, त्यांचे तीन नीटनेटके संच पाडता येतात. एक संच नेहमीच्या क्रमाने फिरणारा, तो पॉझिटिव्ह. दुसरा उलट्या क्रमाने फिरणारा, तो निगेटिव्ह. तिसऱ्यात तिन्ही फेजांचा करंट एकाच दिशेला, एकाच वेळी. हा झिरो सिक्वेन्स, आणि जमिनीत जाणारा करंट फक्त याच्यातून येतो. प्रत्येक संचाला यंत्रणा आपापला अडथळा दाखवते, म्हणून एका यंत्रणेची तीन वेगळी नेटवर्क कागदावर काढायची. ती एकमेकांना कशी जोडायची, ते फॉल्ट सांगतो.

आपल्या खांबावर वाय आणि बी फेज लोखंडाला लागलेत, आर मोकळा आहे. आरमध्ये फॉल्टचा करंट नाही, म्हणजे तिन्ही सिक्वेन्स करंटांची बेरीज शून्य. वाय आणि बीचा व्होल्टेज एकच, आणि अर्थिंग आदर्श धरलं तर तोही शून्य. या अटींमधून निष्कर्ष निघतो की फॉल्टच्या जागी तिन्ही सिक्वेन्स व्होल्टेज सारखे असतात. व्होल्टेज सारखे आणि करंटांची बेरीज शून्य, याचा अर्थ तिन्ही नेटवर्क शेजारी शेजारी, समांतर. पॉझिटिव्हमध्ये उगम आहे. तिथून निघालेला करंट निगेटिव्ह आणि झिरो या दोन वाटांनी वाटला जातो:

I1 = E / (Z1 + Z2·Z0/(Z2+Z0))

आता आकडे घालू. ३३/११ केव्हीचं एक उपकेंद्र, त्यात ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ७.१५ टक्के. ११ केव्हीच्या बाजूने बघितलं तर तो सुमारे १.७ ओहम. ३३ केव्हीकडची फॉल्ट लेव्हल मी २५० एमव्हीए धरतो, म्हणजे आणखी साधारण अर्धा ओहम. फॉल्ट उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरच्या पहिल्याच खांबावर आहे, म्हणून तारेचा अडथळा सोडून देता येतो. लांबच्या खांबावर तो सोडता येणार नाही, कारण ११ केव्हीच्या बारीक तारेत रेझिस्टन्सही बराच असतो. तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रत्येकी २.२ ओहम. झिरो मात्र १.७ ओहमच. कारण ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्हीची बाजू डेल्टा आहे आणि झिरो सिक्वेन्सला डेल्टाच्या पलीकडे जाता येत नाही. पॉझिटिव्ह करंटाचा माग पोफळीच्या जनित्रांपर्यंत काढता येईल, पण जमिनीतल्या करंटाचं घर उपकेंद्रातलाच न्यूट्रल. या अर्ध्या ओहमचा फरक विद्यार्थी हमखास विसरतात.

फेजचा व्होल्टेज ६,३५१. निगेटिव्ह आणि झिरो समांतर मिळून ०.९६ ओहम, त्यात २.२ मिळवले की ३.१६. पॉझिटिव्ह करंट २,०१० अँपिअर. त्यातले ८७६ निगेटिव्हकडे जातात आणि १,१३४ झिरोकडे. जमिनीत जाणारा करंट झिरोच्या तिप्पट, म्हणजे ३,४०२ अँपिअर. वाय आणि बी दोन्हींत प्रत्येकी ३,०२४. याच जागी तिन्ही फेज एकत्र आले असते तर प्रत्येकी २,८८७, म्हणजे दोन तारा आणि जमीन हा फॉल्ट तीन फेजांच्या फॉल्टलाही मागे टाकतो. एकच तार जमिनीला लागली असती तर ३,१२३ गेले असते. दुप्पट नाही, जेमतेम नऊ टक्के जास्त. मुलांचा प्रश्न इथेच अर्धा सुटला.

पण हे सगळं आदर्श अर्थिंगचं गणित, आणि आमच्याकडे जमीन जांभ्याची. पावसाळ्यात जांभा पाणी धरतो, पण वळवाच्या वेळी तो महिनोन् महिने तापलेला असतो. कातळ फोडून पुरलेल्या अर्थिंगचा रेझिस्टन्स तेव्हा पुस्तकातल्या आकड्यांचं ऐकत नाही. आधी बऱ्यापैकी खांब घेऊ, १० ओहमचा. हा रेझिस्टन्स फक्त झिरोच्या वाटेत बसतो, आणि तिथे तो १० नव्हे तर ३० म्हणून लिहायचा. तिन्ही फेजांचा झिरो करंट त्याच एका अर्थिंगमधून खाली उतरतो, त्यामुळे व्होल्टेज तिप्पट पडतो. हा तीन विसरला तर जमिनीतला करंट नऊशेच्या वर निघतो. खरं उत्तर ३१६.

झिरोची वाट जवळजवळ बंद झाली की पॉझिटिव्हमधून निघालेला करंट जवळपास सगळाच निगेटिव्हकडे वळतो. म्हणजे घटना दोन तारा एकमेकींना लागल्यासारखी होते, आणि नुसत्या दोन तारांच्या फॉल्टचा या जागचा करंट २,५०० अँपिअर आहे. तरी रिलेच्या पडद्यावर `IY 2658` आणि `IB 2343` असं काहीसं दिसतं. समान नाहीत. गंमत अशी की दोन तारांमधला २,५०० चा करंट रिअॅक्टन्समधून येतो आणि जमिनीतला रेझिस्टन्समधून, पण कोनांचा मेळ असा बसतो की जमिनीतल्या करंटाचा निम्मा भाग एका फेजात मिळतो आणि दुसऱ्यात वजा होतो. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा, ३१५ येतात. जमिनीत किती गेला ते नुसत्या दोन आकड्यांवरून कळतं, कोन बघावा लागत नाही. फॉल्ट उपकेंद्राजवळ असेल आणि अर्थिंग मध्यम असेल तेव्हा मला ही वजाबाकी कामाची वाटते. आदर्श अर्थिंगवर ती निरुपयोगी, कारण तिथे दोन्ही फेज सारखेच असतात.

आता खराब खांब, १०० ओहम. इथे हिशेब तोंडी होतो. दोन फेज एकत्र बांधले की त्यांच्या जोडाचा व्होल्टेज फेजच्या निम्म्यावर येतो, ३,१७५. भागिले १००, जमिनीत सुमारे ३२ अँपिअर. त्याच खांबावर एकच इन्सुलेटर फ्लॅश झाला असता तर पूर्ण ६,३५१ व्होल्ट लागले असते आणि ६३ अँपिअर गेले असते. दुप्पट होण्याची अपेक्षा होती आणि झाला निम्मा.

फीडरचा सीटी २००/१ आणि अर्थ फॉल्टची सेटिंग २० टक्के, म्हणजे ४० अँपिअर, असं समजा. एका तारेचा फॉल्ट अर्थ फॉल्ट रिलेला दिसेल. दोन तारांचा दिसणार नाही. ब्रेकर तरीही पडतो, कारण अडीच हजार अँपिअरला ओव्हरकरंट रिले सोडत नाही. गोंधळ पुढे होतो. झेंडी ओव्हरकरंटची, वाय आणि बी, जमिनीचं नाव नाही. लाइनमन मग तारांवर पडलेली झावळ शोधत फिरतात, सैल झालेला स्पॅन बघतात, आणि तडकलेले दोन इन्सुलेटर डोक्यावरच राहतात. पुढची सर आली की पुन्हा ट्रिप. इथे वजाबाकीही हात देत नाही. २,५१६ आणि २,४८४ यांतला फरक सव्वा टक्का आहे, आणि एवढी चूक संरक्षणाचे सीटी स्वतःच करतात. व्होल्टेजच्या नोंदीतही आर फेज जागचा हलत नाही, वाय आणि बी निम्म्यावर येतात, हुबेहूब दोन तारांच्या फॉल्टसारखे. म्हणून अशा झेंडीवर मी खांबावर चढून दोन्ही पिन बघायला सांगतो. चकाकी गेलेली, काळा ओरखडा उठलेली चिनीमाती खालून दिसत नाही.

समांतर जोडणीच्या या सगळ्या हिशेबाला एक अट आहे. दोन्ही फेज आधी एकमेकांना लागले पाहिजेत आणि मग एकाच वाटेने जमिनीत गेले पाहिजेत. क्रॉस आर्म ही अट पाळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडे खांब उन्मळले, तशा वादळात दोन तारा तुटून सड्यावर वेगवेगळ्या जागी पडतात आणि अट मोडते. आता रेझिस्टन्स प्रत्येक तारेचा आपापला. तो तिन्ही नेटवर्कमध्ये एकेकदा लिहायचा, फक्त झिरोमध्ये तिप्पट नाही. प्रत्येक तारेला १०० ओहम घेतले तर प्रत्येकीतून ६३ अँपिअर जातात, आणि दोन्हींत १२० अंशांचं अंतर असल्यामुळे त्यांची बेरीजही ६३ च येते. अडीच हजार अँपिअर कुठेच नाहीत, त्यामुळे ओव्हरकरंट रिले गप्प. सगळी भिस्त अर्थ फॉल्ट रिलेवर. नेहमीच्या इनव्हर्स वक्रावर, टाइम मल्टिप्लायर ०.१ असताना, तो ६३ अँपिअरला दीड सेकंदात ट्रिप देतो. जमीन १५० ओहमची असेल तर करंट ४२ वर येतो आणि वेळ बारा सेकंदांवर जाते. २०० ओहमला करंट ३२, आणि रिले हलतही नाही. तार सड्यावर जिवंत पडून राहते.

सेटिंग खाली आणा, असं यावर कुणीही म्हणेल, आणि थोडी आणताही येते. पण लाइन परत चालू करताना फीडरवरचे सगळे ट्रान्सफॉर्मर एकदम इनरश ओढतात, सीटी काही क्षण खोटा शिल्लक करंट दाखवतात, आणि १० टक्क्यांवर ठेवलेला रिले त्याला फसू शकतो. वादळानंतरच्या रात्री निरोगी फीडर दोनदा असा पडला की कुणीतरी सेटिंग मुकाट्याने परत वर नेतो.